चालाया

पेनाचं टोपण आधीच उघडं होतं, तिथेच सगळी गडबड झाली. प्रौढांचा रात्रीचा वर्ग संपला होता, सतरंजी गुंडाळायची बाकी होती, शिकवणारी मुलगी हजेरीच्या वहीत खुणा करत बसली होती. मावशींनी पदराआडून एक घडी काढली आणि पुढे केली. मुलीनं ती उलगडली, वाचायला सुरुवात केली, आणि हातातल्या लाल पेनानं दुसऱ्या ओळीतल्या ‘मि’ची पहिली वेलांटी खोडून दुसरी काढली. मुद्दाम नव्हे. सात महिने रोज रात्री त्या हाताला तेच वळण पडलं होतं, कागद समोर आला की पेन चालायचं. मावशींनी वाकून बघितलं. “चुकलं व्हय?” म्हणाल्या, आणि चिठ्ठी तिच्या हातातून काढून घेऊन पुन्हा कनवटीला लावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी चिठ्ठी आणून दिली. त्यावर एकच वाक्य होतं, ‘मी आपली आभारी आहे.’ वेलांट्या जागच्या जागी, अक्षरं सारखी, पूर्णविरामसुद्धा दिलेला. मुलीला ती चिठ्ठी हातात धरवेना.

पहिली चिठ्ठी तिनं नंतर मागून मागून मिळवली. “ती चुकल्याली हाय, ती कशाला?” असं म्हणत मावशी दोन दिवस देईनात. दुरेघी वहीचं मागचं पान, फाडताना डावी कड कुरतडल्यासारखी झालेली, शिसपेन्सिल इतकी दाबून चालवलेली की पान उलटं केलं तर अक्षरं बोटाला लागत होती. मजकूर असा:

बाई
मिपाटिवाचलिसातारा
एकटिगेले
पावसातपनतुमिआला
लइशिकिवल
चालाया

खाली नाव. नाव इथे देत नाही, पण त्यात एक रफार आहे एवढं सांगायला हवं, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

शेवटची ओळ मुलीनं घरी नीट वाचली तेव्हा तिला वाटलं, मावशी चालायला लागल्याचं लिहीत असाव्यात. त्या भागात ‘चालायला’ला ‘चालाया’ म्हणतातच. एकट्या गेल्या, त्या अर्थी चालत गेल्या असतील. मग तिनं ओळ मोठ्यानं वाचली, जरा थांबून थांबून, जशी ती वर्गात मावशींना वाचायला लावायची. चा. ला. या.

चहाला या.

लाल पेन दुसऱ्याच ओळीवर चालून गेलं होतं. आमंत्रण त्याच्या चार ओळी खाली होतं, आणि सुधारून आणलेल्या चिठ्ठीत ते उरलंच नव्हतं.

प्रौढांच्या वर्गात शिकवणाऱ्यांच्या हाती असे कागद अधूनमधून येतात. येतात तेव्हा बहुतेक जण एक तर गहिवरतात, नाही तर चुका काढतात. मला वाटतं, तिसरी एक गोष्ट करता येते. असा कागद शांतपणे वाचला तर त्यात सात महिन्यांचा वर्ग दिसतो: काय पोचलं, काय निसटलं, कुठल्या आठवड्यात कोण गैरहजर होतं. हजेरीच्या वहीत ‘हजर’ लिहिलेलं असतं तेव्हा माणूस पेंगतही असू शकतं. चिठ्ठीत तशी लपवालपवी होत नाही.

वेलांट्यांपासूनच बघू. ‘मि’, ‘पाटि’, ‘वाचलि’, ‘एकटि’, ‘तुमि’, सगळीकडे पहिलीच वेलांटी. एके ठिकाणी पहिली, एके ठिकाणी दुसरी असं झालं असतं तर ते अंदाजपंचे म्हटलं असतं. इथे, खालचं नाव सोडलं तर, एकदाही दुसरी नाही. म्हणजे मावशींना ‘ई’चा आवाज ऐकू येतो, तो कुठल्या अक्षराला लावायचा हे कळतं, त्यासाठी एक खूण असते हे पक्कं माहीत आहे, फक्त त्या खुणेला दोन रूपं असतात, हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. मुलीनं हजेरी काढून बघितली. दुसऱ्या वेलांटीचा धडा ऑक्टोबरात झाला होता, आणि त्या आठवड्यात मावशी सोयाबीनच्या काढणीला होत्या. त्यानंतर आल्या तेव्हा वर्ग उकारावर गेला होता. त्यांनी ना विचारलं, ना कुणी सांगितलं. आता गंमत अशी, की मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार सहसा दीर्घ लिहितात, आणि आधीचा बऱ्याचदा ऱ्हस्व. त्यामुळे एकाच वेलांटीवर सगळा संसार चालवणाऱ्या माणसाची चूक शेवटच्या अक्षरावर हटकून दिसते आणि मधल्या अक्षरावर झाकून जाते. ‘शिकिवल’मधला ‘शि’ बरोबर आहे, पण तो मावशींच्या कर्तबगारीनं नव्हे. उकाराचंही तेच. ‘तुमि’तला ‘तु’ सुदैवानं बरोबर. तिथे शाबासकी दिली असती तर तीही चुकलीच असती.

पहिली वेलांटी तशी शिकवायला अवघडच. ‘कि’ म्हणताना ‘क’ आधी तोंडात येतो, पण कागदावर डोळ्याला आधी वेलांटीचा दांडा दिसतो. लहान मूल ‘क ला पहिली वेलांटी कि’ असं शंभरदा घोकून त्याच्या पलीकडे जातं. पन्नाशीतलं माणूस डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचत येतं, आधी दांडा भेटतो, तो काना समजतं आणि मागच्या अक्षराला चिकटवतं. ‘हरि’ वाचताना ‘हार’वर गाडी जाते ती अशी. यावर उपाय साधा आहे. लिहिताना आधी अक्षर काढायचं, मग हात डावीकडे नेऊन दांडा ओढायचा आणि वरून कमान आणून अक्षरावर टेकवायची. लिहिण्याचा क्रम बोलण्याच्या क्रमाला धरून राहिला की हाताला पटतं, आणि हातामागून डोळ्याला. अर्थात त्यासाठी जागा सोडून लिहावं लागतं, नाही तर दांडा आधीच्या अक्षरात घुसतो. चिठ्ठीतल्या ‘वाचलि’मध्ये नेमका तसा घुसला आहे, ‘च’ आणि वेलांटी एकमेकांना टेकली आहेत. म्हणजे मावशींनी ‘ल’ आधी काढला आणि दांडा नंतर, हे कागदच सांगतो.

ओळी सलग का, याचं कारण मात्र वहीत आहे. दुरेघी वहीत अक्षरं वरच्या रेघेला टांगायची असतात. ही रेघ छापलेली, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड. शिकणाऱ्याला तीच शिरोरेषा वाटते, आणि त्यात त्याची काही चूक नाही, दिसायला ती तशीच आहे. मग ओळभर कपडे वाळत घातल्यासारखी अक्षरं एकाच दोरीवर लटकत जातात. बोलतानाही आपण शब्दांच्या मधे कुठे थांबतो? ‘पावसातपनतुमिआला’ हे बोलताना एका दमात येतं, तसंच कागदावर उतरलं. शब्द तोडायचा असतो ही गोष्ट फक्त वाचणाऱ्यांना माहीत असते आणि ती त्यांना इतकी अंगवळणी पडलेली असते की शिकवायचं सुचतच नाही. जाणते शिकवणारे पहिल्या महिन्यातच सांगतात, आधी शब्दाची सगळी अक्षरं काढा, मग वरून एक रेघ ओढा, हात उचला, एक बोट आडवं ठेवा, बोटापलीकडून पुढचा शब्द. बोट प्रत्येकाजवळ असतं, त्याला खर्च नाही. या वर्गात ते राहून गेलं, आणि ‘चाला या’चं ‘चालाया’ झालं.

‘पन’ आणि ‘लइ’ आणि ‘शिकिवल’ यांना चुका म्हणायला मी तरी तयार नाही. मावशींच्या तोंडात ‘ण’ नाही. ‘पाणी’ त्या ‘पानी’ म्हणतात आणि आयुष्यभर सगळ्यांना ते कळत आलंय. त्यांनी जे ऐकलं ते लिहिलं, आणि लिहिणं म्हणजे मुळात तेच शिकवलं होतं. ‘शिकिवलं’वरचा अनुस्वार राहिला, तो मात्र खरोखरच राहिला. ते टिंब इवलंसं असतं आणि पन्नाशीतल्या डोळ्यांना पिवळ्या दिव्याखाली ते पानावरचा डाग की अक्षराचा भाग हे उमगत नाही.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडं थांबायला हवं, कारण संध्याकाळच्या वर्गात निम्मं निरक्षरपण मेंदूत नसतंच. आपल्याकडे वाचायच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात, म्हणजे कोणत्या वयात तो लागतो हे भाषेलाच ठाऊक आहे. पण ज्याला वाचायचंच नव्हतं त्याला चाळिशी लागली हे कळणार कसं? तांदूळ निवडताना खडा सुटतो, सुईत दोरा नातीकडून ओवून घेतला जातो, एवढंच. मग तो माणूस वर्गाला येतो, फळ्यावरचा ‘ग’ ओळखतो, पुस्तकातला ‘ग’ ओळखत नाही, आणि शिकवणारा मनात म्हणतो, हे काही जमायचं नाही यांना. मावशींच्या शेजारी बसणाऱ्या एका बाईंचं असंच झालं होतं. त्या पुस्तक हातभर लांब धरायच्या आणि मान मागे न्यायच्या. फळ्यावर येतं आणि पानावर येत नाही, पुस्तक लांब जातं, आणि दिवसा दारात बसून वाचलं तर जरा बरं येतं, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की अक्षरओळख बाजूला ठेवून आधी डोळे तपासायला न्यावं. चष्मा आला आणि त्या बाई पंधरा दिवसांत बाकीच्यांच्या बरोबरीला आल्या. दिव्याचंही तसंच. खोलीत एकच दिवा, तो मागच्या भिंतीवर, सगळ्या भिंतीला पाठ लावून बसलेल्या. प्रत्येकीच्या पाटीवर तिच्याच डोक्याची सावली. सतरंजी फिरवून उजेड डाव्या खांद्यावरून येईल अशी केली तेव्हा लिहिणाऱ्या हाताची सावलीही अक्षरावरून हटली.

पाटी आणि वही यातही शिकवणाऱ्यांचे दोन पक्ष असतात. मी पाटीवाल्यांच्या बाजूचा. पाटीवर चुकलेलं तळहातानं पुसलं की गेलं, सुनेला दिसत नाही, नातवाला दिसत नाही. खुरप्याला सरावलेला हात पेन्सिल मुठीत धरतो आणि खांद्यापासून लिहितो. त्याला सुरुवातीला मोठं, ढोबळ, पाटीभर अक्षर काढायला मिळालं तर जोर हळूहळू मनगटात उतरतो. वहीच्या बारीक रेघांत तोच हात आखडतो आणि टोक मोडतो. मावशींच्या चिठ्ठीचं पान मागून उठावदार झालंय ते म्हणूनच. आता ‘पाटी’ या शब्दानं मावशींची केवढी सोबत केली बघा. जन्मभर शेणाची, मातीची पाटी डोक्यावरून वाहिली, मग मांडीवर पाटी घेतली, आणि चिठ्ठीत वाचल्याचं लिहिलंय ती एस.टी.ची पाटी.

त्या पाटीकडे येऊ. ‘सातारा’ हा शब्द नवशिक्याला देवानं दिल्यासारखा आहे. तीन अक्षरं, तिन्हींना काना, जोडाक्षर नाही, वेलांटी नाही, आणि पुन्हा रोज कानावर पडणारा. त्याच थांब्यावर ‘फलटण’ आली तर चार सुटी अक्षरं. ती आणखी सोपी वाटतात, पण नसतात. नवशिका ती ‘फ… ल… ट… ण’ अशी वाचतो, प्रत्येक अक्षराच्या शेवटी पूर्ण ‘अ’ लावून, आणि असा शब्द त्यानं कधी कुणाच्या तोंडून ऐकलेला नसतो. आपण म्हणतो ‘फल्टण्’. सुट्या अक्षरांतले काही ‘अ’ बोलताना गिळायचे असतात, कुठले गिळायचे ते लिहिलेलं नसतं, आणि शिकवणाऱ्यालाही ते सांगता येत नाही. काना असलेल्या अक्षरात ही अडचण येत नाही. सा, ता, रा जसं लिहिलं तसंच बोललं जातं. म्हणून पहिली पाटी वाचायला द्यायची ती काना-मात्रांची द्यावी, सुट्या अक्षरांची नव्हे. पुस्तकं याच्या उलट चालतात, कारण सुटी अक्षरं छापायला सोपी दिसतात. आणि ‘स्वारगेट’ आली तर मावशी अजून अडतात. ‘स्व’मधला अर्धा ‘स’ त्यांना कुणीतरी मोडून ठेवलेला वाटतो. ‘विनाथांबा’ त्या वाचतात, पण ती गावाचं नाव समजून. एकदा तसल्याच गाडीला हात करून उभ्या राहिल्या होत्या.

चिठ्ठीतला ‘एकटि’ हा शब्द या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आतापर्यंत त्या थांब्यावर उभ्या राहून कुणाला तरी विचारायच्या, “दादा, ही साताऱ्याची का?” विचारायला काही लाज नाही, पण विचारायचं तर कुणीतरी असावं लागतं; म्हणून मुलगा येईल तेव्हा दवाखाना, शेजारीण निघेल तेव्हा बाजार. एकटीनं जाणं हे दोन शब्दांच्या त्या ओळीतलं सगळं काम आहे. त्यांनी ते पाटीच्या खाली, स्वतंत्र ओळीवर लिहिलं. ओळ का तोडली, हे विचारलं तर सांगता येणार नाही त्यांना, पण तोडली खरी. शब्द तोडायला शिकवले नव्हते. ओळ स्वतःहून तोडली.

आता खालचं नाव. अख्ख्या चिठ्ठीत सगळ्यात अवघड शब्द तोच आणि तोच एक बिनचूक. रफार नेमका जिथे हवा तिथे, शिरोरेषा शब्दापुरतीच, शेवटची वेलांटी दुसरी. हे कसं? कारण नाव त्या शिकल्याच नव्हत्या. त्यांनी ते चित्र म्हणून पाठ केलं होतं. बचत गटाच्या कागदांवर, रेशनच्या वहीत नावापुढे ‘नि. डा. अं.’ लिहून शाईचा अंगठा उठवायचे दिवस त्यांनी काढलेत, आणि ते संपावेत म्हणून वर्गाचे पहिले दोन आठवडे सगळ्यांनी सही गिरवली. त्यात काही वाईट नाही. सही आली की माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो. वाईट होतं ते पुढे, सही आली म्हणजे साक्षर झालं असं धरून चालल्यावर. खरं-खोटं करायला एक मिनिट पुरतं. नावातला रफार दुसऱ्या शब्दात द्यावा. मावशींना ‘गर्दी’ दिला होता. त्यांनी ‘गदी’ वाचला आणि वरच्या आकड्याकडे बोट दाखवून विचारलं, “ह्ये वर काय लटाकलंय?” स्वतःच्या नावावर ते सात महिने लटकत होतं.

दुसरी, सुधारलेली चिठ्ठी तशीच आहे. सहीसारखी. ती नातवानं लिहून दिली आणि मावशींनी उतरवली, हे त्यांनी लपवलंही नाही. पाहून लिहिलेलं ओळखायला फारसं लागत नाही. अक्षरं एकसारखी उंच, दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच, कुठे घाई नाही, कुठे अडखळणं नाही. मनानं लिहिणारा माणूस सोप्या शब्दात पळतो आणि अवघडात रेंगाळतो, ते कागदावर दिसतं. तरीही शंका असेल तर वाक्यातला मधलाच एखादा शब्द बोटानं झाकावा आणि उरलेला वाचायला सांगावा. पाठ असलेलं माणूस झाकलेलाही शब्द वाचून मोकळं होतं. मावशींनी ‘आभारी’वर बोट असतानाही तो खणखणीत वाचला.

आणि मुळात ‘आभारी आहे’ म्हणतं कोण? सभेत म्हणतात, लग्नपत्रिकेच्या खाली म्हणतात. ‘आभार’ लिहायला काही अवघड नाही, आ, भा आणि र, तीनही अक्षरं मावशींना येतात. मनात आलं असतं तर पहिल्या चिठ्ठीत त्यांनी लिहिला असता. ‘धन्यवाद’मध्ये ‘न्य’ आहे, तो आला नसता, ‘धनेवाद’ झाला असता, तरी वाचता आला असता. दोन्ही शब्द त्यांनी लिहिले नाहीत, कारण त्यांच्या घरात, गल्लीत ते कुणी कुणाला म्हणत नाही. त्या गल्लीत कुणी आपल्यासाठी काही केलं तर ते काय केलं हे त्याला ऐकवतात (“पावसात पन तुमी आला”) आणि मग घरी बोलावतात. एवढ्यात सगळं येतं. ‘तुमि’कडेही बघण्यासारखं आहे. ही मुलगी मावशींच्या पलीकडच्या गल्लीतली, डी.एड. करणारी, त्यांच्या धाकट्या मुलापेक्षाही लहान. विहिरीवर, दुकानात ती ‘पोरी’ असते आणि ‘तू’ असते. वर्गाचा उंबरा ओलांडला की ‘बाई’ आणि ‘तुमी’. चिठ्ठी मावशींनी घरी, चुलीपुढे बसून लिहिली, तरी ती वर्गातल्या मुलीला लिहिली.

चिठ्ठी आली ती चाचणीच्या आदल्या आठवड्यात, हेही लाल पेनाच्या बाजूनं सांगायला हवं. नवभारत साक्षरता कार्यक्रमाची ही चाचणी १७ मार्च २०२४ ला राज्यभर झाली. दीडशे गुण, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना पन्नास-पन्नास, आणि प्रत्येकात निदान तेहेतीस टक्के. शिकवणारे स्वयंसेवक, मानधन नाही, आपली माणसं त्या दिवशी पडू नयेत एवढीच धडपड. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली सुरू झालं तेव्हापासून कागदावर सुमारे दोनशे तासांचा हिशेब सांगितला जातो. रोज दीड तास, आठवड्यातून पाच दिवस धरले तर सव्वासहा महिन्यांत दोनशे तास भरतात. पण त्यात गौरी-गणपती येतात, काढणी येते, दिवाळी येते, गावची जत्रा येते, वीज जाते, आणि साडेआठला वर्ग म्हटलं तरी भाकऱ्या उरकून बायका यायला नऊ वाजतात. सात महिन्यांत या वर्गाचे सव्वाशे तास झाले असतील तर खूप. अशा वेळी शिकवणाऱ्याच्या डोळ्याला प्रत्येक कागद उत्तरपत्रिका दिसू लागतो. ती मुलगी नंतर म्हणाली, “मला ‘मि’ दिसला, आणि लेखनाचे पन्नास दिसले. मावशी दिसल्याच नाहीत.”

चूक दाखवूच नये, असं मात्र माझं म्हणणं नाही. एकच वेलांटी घेऊन माणूस जन्मभर राहू नये. पण चूक दाखवायची ती पाटीवर, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या शब्दात. त्या मुलीनं पुढे तसंच केलं. चिठ्ठीचं नाव न काढता तिनं फळ्यावर ‘दिवा’ आणि ‘दीर’ लिहिलं, ‘मी’, ‘नदी’, ‘भाकरी’, ‘पाटी’ लिहिलं, आणि विचारलं, शेवटच्या अक्षराची कमान कुठल्या बाजूनं येते? दोघीतिघींनी सांगितलं, उजवीकडून. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी आपल्या पाटीवर ‘पाटी’ लिहिलं, तळहातानं पुसलं, पुन्हा लिहिलं.

राहिलं ते चहाचं उत्तर. मुलीनं ठरवलं, तोंडी सांगायचं नाही, लिहून पाठवायचं. बसली तेव्हा लक्षात आलं की हे सोपं नाही. ‘तुमच्या निमंत्रणाबद्दल’ यात ‘च्य’, ‘त्र’, ‘द्द’; बाद. ‘नक्की येते’, ‘क्क’ बाद. ‘उद्या’ बाद. ‘आमंत्रण मिळालं’ पुन्हा ‘त्र’, आणि वर ते बारीक टिंब. आपण रोज जे बोलतो त्यात जोडाक्षरं किती ठासून भरलेली असतात, हे बिनजोडाक्षराचं चार शब्दांचं पत्र लिहायला घेतल्याशिवाय कळत नाही. शेवटी तिनं मोठ्या अक्षरात, शब्दाशब्दात बोटभर जागा सोडून लिहिलं:

मावशी
मी रविवारी चहाला येते
साखर कमी

दोन्ही वेलांट्या त्यात आहेत, रविवारीच्या ‘वि’ला पहिली आणि ‘री’ला दुसरी. ते तिनं मुद्दाम ठेवलं.

चिठ्ठी नातवाच्या हाती गेली. मावशींनी ती त्याला वाचू दिली नाही. रविवारी मुलगी दारात पोचली तेव्हा त्या ओसरीवर चष्मा लावून बसल्या होत्या, चिठ्ठी मांडीवर. “येक शबूद लागंना,” म्हणाल्या. बोट ठेवून वाचू लागल्या. मी. र-वि-वारी. चहाला, हे वाचून हसल्या, कारण त्यांच्या ‘चा’मध्ये एवढा मोठा ‘ह’ लपला होता हे त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं. येते. मग शेवटची ओळ.

“सा… र… व… र. सारवर कमी. आता ह्ये काय सारवायचं?”

मुलीनं कागद हातात घेतला. घाईत तिनं ‘ख’ काढला होता तो जुन्या छापातल्यासारखा, ‘र’ आणि ‘व’ शेजारी शेजारी, मधे फट. याच घोटाळ्यापायी पुढे ‘र’ची शेपटी खालून ‘व’च्या पोटाला जोडायची रीत आली, एरवी ‘खाना’ लिहावं आणि वाचणाऱ्यानं ‘रवाना’ वाचावं. वर्गाच्या पुस्तकात ‘ख’ जोडलेला आहे. फळ्यावर ती स्वतः जोडूनच काढायची. कागदावर नाही काढला.

“साखर,” ती म्हणाली. “ख आहे तो. माझंच चुकलं.”

मावशींनी कागद परत घेतला, कानामागची पेन्सिल काढली, शेपटी ‘व’ला नेऊन टेकवली, लांब धरून बघितली आणि चिठ्ठी कनवटीला लावून आत गेल्या. साखर त्यांनी नेहमीएवढीच घातली.